पार्ट स्वतः बनवू की बाहेरून घेऊ? मशीन रिकामी असताना हिशोब कसा मांडायचा

छोट्या कारखान्यात हा प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. एखादा पार्ट आपण बाहेरून घेतोय, सप्लायरने रेट वाढवलाय, आणि इकडे आपलं ड्रिलिंग मशीन अर्धा दिवस कव्हर घालून उभं आहे. मालक म्हणतो आपणच बनवू ना, मशीन आहे, माणूस आहे. मग अकाउंट्सवाला कॉस्ट शीट काढतो आणि म्हणतो अहो आपल्याला तर बाहेरच्यापेक्षा महाग पडतंय, राहू द्या. आणि विषय तिथेच बंद होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या कॉस्ट शीटला चुकीचा प्रश्न विचारला गेला. कॉस्ट शीट सांगते एक नग "केवढ्याला पडला", म्हणजे कारखान्याचा सगळा खर्च सगळ्या मालावर वाटून टाकला तर या नगाच्या वाट्याला किती आला. आपल्याला हवंय वेगळंच: बनवायला घेतलं तर खिशातून जाणारा कोणता पैसा वाढेल आणि कोणता थांबेल. हा जो दोन पर्यायांमधला फरक, तीच डिफरन्शियल कॉस्ट. दोन्हीकडे जो खर्च सारखाच राहतो तो कितीही मोठा असला तरी या निर्णयात त्याचं काही काम नाही.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

एक कारखाना छोटे ब्लोअर बनवतो. त्याला महिन्याला २००० माउंटिंग ब्रॅकेट लागतात आणि ते सगळे आज बाहेरून येतात. रेट ७८ रुपये, वर गाडीभाडं नगामागे २ रुपये, म्हणजे दारात ८० रुपये. स्वतः बनवायची कॉस्ट शीट अशी: पत्रा ४० रुपये, मजुरी १६, वीज-ड्रिल बिट-वेल्डिंग वायर वगैरे ७, आणि फॅक्टरी ओव्हरहेड मजुरीच्या २०० टक्के म्हणजे ३२. एकूण ९५. बाहेर ८०, घरी ९५, नगामागे १५ रुपये तोटा, विषय संपला असं वाटतं.

आता एकेक करून उलगडू.

पहिली पायरी: खरंच किती मशीन रिकामं आहे ते मोजा

लोक थेट पैशावर उडी मारतात, मी आधी तास मोजायला सांगतो, कारण सगळं गणित "रिकामी क्षमता आहे" या एका वाक्यावर उभं आहे आणि ते वाक्य अनेकदा अंदाजपंचे असतं. मशीन उभं दिसलं म्हणजे रिकामं असं नाही, कधी ते सेटिंगची वाट बघत असतं, कधी मालाची, कधी ऑपरेटर दुसरीकडे गेलेला असतो.

पार्ट ज्या ज्या मशीनवरून जाणार त्या सगळ्यांची यादी करा आणि सगळ्यात आधी कोणतं भरेल ते शोधा. आपल्या ब्रॅकेटला कटिंग, प्रेस, ड्रिलिंग आणि वेल्डिंग लागतं. कटिंग आणि प्रेसवर भरपूर जागा आहे, अडणार ड्रिलिंगवर, कारण तिथे एका नगाला ४ मिनिटं लागतात. म्हणून क्षमता ड्रिलिंगच्या तासांत मोजायची.

महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. पण २०८ तास कोणतंच मशीन चालत नाही, सेटिंग, बिट बदलणं, देखभाल, छोटे-मोठे ब्रेकडाऊन यात १५ टक्के गेले असं धरलं तर हाताशी साधारण १७७ तास. आजचं काम ७० तासांचं. उरले १०७ तास. हा ७० चा आकडा तोंडी विचारू नका, महिनाभर मशीनजवळ एक वही लटकवा आणि ऑपरेटरला सुरू-बंदची वेळ लिहायला लावा. पहिल्या आठवड्यात तो कंटाळा करेल आणि संध्याकाळी सगळं एकदम भरेल, हे गृहीत धरा आणि दुसऱ्या आठवड्यापासूनचेच आकडे वापरा.

१०७ तास म्हणजे ६४२० मिनिटं, भागिले ४, म्हणजे १६०५ नग. त्यातले काही रिजेक्ट होणार. ४ टक्के धरले तर चांगले नग १५४० च्या आसपास. थोडी फट ठेवून आपण १५०० धरू. म्हणजे प्रश्न बदलला बघा! "२००० बनवू की २००० घेऊ" हा प्रश्नच नव्हता. खरा प्रश्न आहे "१५०० बनवून ५०० घेऊ, की सगळे २००० घेऊ". हे आधी कळलं नसतं तर तिसऱ्या आठवड्यात ब्लोअरची असेंब्ली ब्रॅकेटसाठी थांबली असती आणि मग घाईघाईत मिळेल त्या रेटने माल आणावा लागला असता.

दुसरी पायरी: प्रत्येक ओळीला एकच प्रश्न

कॉस्ट शीटची प्रत्येक ओळ घ्या आणि विचारा, हा पार्ट आपण बनवायला घेतला तर या ओळीचा पैसा महिन्याच्या शेवटी जास्त जाईल का? हो असेल तर किती, नाही असेल तर सरळ काट मारा. आणि हिशोब नगावर न करता पूर्ण महिन्यावर करा, का ते मजुरीच्या ओळीत दिसेल.

पत्रा. हा वाढणार यात वाद नाही. पण दोन दुरुस्त्या. एक म्हणजे कापल्यावर उरलेला तुकडा भंगारात जातो आणि त्याचे नगामागे ३ रुपये परत येतात, म्हणून ४० नाही, ३७. दुसरं म्हणजे १५०० चांगले नग मिळवायला १५०० चा पत्रा पुरत नाही, ४ टक्के रिजेक्शन असेल तर १५६३ नग बनवायला लागतात (१५०० भागिले ०.९६). ३७ गुणिले १५६३, म्हणजे ५७,८३१ रुपये.

वीज, बिट, ऑइल, वायर. हेही मशीन चाललं तरच लागतं. ७ गुणिले १५६३, म्हणजे १०,९४१.

मजुरी. इथे थांबून नीट बघायला लागतं. पुस्तकात मजुरी म्हणजे बदलता खर्च असं लिहिलेलं असतं आणि नवीन माणूस १६ रुपये तसेच उचलून टाकतो. पण आपला ड्रिलिंगचा ऑपरेटर महिन्याच्या पगारावर आहे. मशीन चालो न चालो, त्याचा पगार तेवढाच. तो जर आज रिकाम्या वेळात झाडझूड, आवराआवर करत असेल तर १५६३ नगांना ४ मिनिटांप्रमाणे जे १०४ तास लागतील, त्यांचा वाढीव खर्च शून्य. पण तोच माणूस रिकाम्या वेळात असेंब्लीला हात लावत असेल आणि तो इकडे आला की असेंब्लीवाल्यांना ओव्हरटाइम बसणार असेल, तर तो ओव्हरटाइम ब्रॅकेटच्या खात्यावर टाकायचा, कारण ब्रॅकेटमुळेच तो आला. त्यामुळे "मजुरी धरायची की नाही" याचं एक ठरलेलं उत्तर नाही, शॉप फ्लोअरवर जाऊन बघावं लागतं की हा माणूस आज नक्की काय करतोय. आपल्या उदाहरणात तो रिकामा आहे असं धरू.

वेल्डिंगचं मात्र वेगळं आहे. वेल्डिंग सेट जास्तीचा पडून आहे, पण वेल्डर आजच पूर्ण भरलेला आहे. म्हणजे अर्धवेळ एक वेल्डर घ्यावा लागणार, १२,००० रुपये महिना. कॉस्ट शीटच्या हिशोबाने १५०० नगांची मजुरी २४,००० झाली असती, खरी वाढ १२,०००. आणि हे १२,००० १५०० नग केले तरी जाणार, ८०० केले तरी जाणार. १५०० वर ते नगामागे ८ रुपये पडतात, ८०० वर १५. म्हणूनच म्हटलं नगावर हिशोब करू नका, नगाचा आकडा दिसायला स्थिर दिसतो पण तो खाली नगसंख्या गृहीत धरून बसलेला असतो.

ओव्हरहेडचे ३२ रुपये. सगळा घोळ इथे असतो. यात शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, विमा, ऑफिस, मशीनचा घसारा. आता विचारा, ब्रॅकेट बनवले म्हणून भाडं वाढेल? नाही. सुपरवायझर जास्त मागेल? नाही, एवढ्याला नाही. घसारा? मशीन कधीच घेऊन झालंय, ते पैसे गेले ते गेले, आता वहीत दरवर्षी त्याचा तुकडा लिहिला जातो एवढंच. मशीनच्या कर्जाचा हप्ताही तसाच, पार्ट बनवा नाहीतर बनवू नका, बँक तो घेणारच. म्हणजे ३२ च्या ३२ वर काट. आणि हेही लक्षात घ्या की आज बाहेरून घेतो तेव्हाही हे भाडं आणि पगार आपण भरतोच आहोत, फक्त तो बाकीच्या मालावर वाटला जातोय म्हणून दिसत नाही. ८० रुपयांच्या बाजूला तो धरलेला नाही आणि ९५ च्या बाजूला धरलाय, मग तुलना सरळ कशी होणार.

पण काट मारताना डोळे झाकून "फिक्स्ड" या शब्दावर मारू नका, ही उलटी चूक मी स्वतः केलेली आहे. एका कामात मी ओव्हरहेड म्हणून जे काही होतं ते सगळं उडवलं आणि त्यात जिगची दुरुस्ती आणि बिटला धार लावून घेण्याचा खर्च पण गेला, जो पार्ट सुरू झाल्यावरच चालू झाला. रक्कम मोठी नव्हती पण दर महिन्याला "हे कुठून आलं" म्हणून फोन यायचा. तर इथे त्यासाठी १,५०० रुपये महिना धरू.

बनवण्याच्या बाजूची बेरीज: ५७,८३१ अधिक १०,९४१ अधिक १२,००० अधिक १,५००, म्हणजे ८२,२७२ रुपये. १५०० चांगल्या नगांनी भागलं तर ५४ रुपये ८५ पैसे. ९५ कुठे आणि ५५ कुठे.

तिसरी पायरी: घेण्याच्या बाजूलाही तोच चष्मा लावा

लोक बनवण्याची बाजू बारकाईने बघतात आणि घेण्याच्या बाजूला कोटेशनचा आकडा चिकटवून मोकळे होतात. गाडीभाडं आपण घेतलंय. येणारा माल तपासणारा माणूस पगारावर आहे आणि ब्रॅकेट बंद झाले तरी तो राहणार, म्हणून तपासणीचा खर्च वाचतो असं धरायचं नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की उरलेले ५०० नग आपल्याला घ्यायचेच आहेत, आणि ७८ चा रेट २००० नगांसाठी होता. ५०० ला सप्लायर तोच रेट देईल असं मनातल्या मनात ठरवू नका, फोन करून विचारा. समजा तो ८४ म्हणाला आणि भाडं नगामागे ३ झालं, कारण गाडी तीच, माल कमी. ८७ गुणिले ५००, म्हणजे ४३,५००.

आता तुलना:

सगळे घेतले तर: २००० × ८० = १,६०,००० रुपये
१५०० बनवून ५०० घेतले तर: ८२,२७२ + ४३,५०० = १,२५,७७२ रुपये
फरक: ३४,२२८ रुपये महिना

कॉस्ट शीट नगामागे १५ रुपये तोटा सांगत होती, आणि इकडे महिन्याला चौतीस हजार वाचतायत. पण लगेच पत्रा मागवू नका, अजून तीन गोष्टी यातून वजा व्हायच्या आहेत.

चौथी पायरी: उधारी

सप्लायर आपल्याला ४५ दिवसांची उधारी देतो. पत्रावाला रोख मागतो. १५०० नग आपण बनवायला लागलो की १५०० × ८० म्हणजे १,२०,००० रुपये महिन्याची दीड महिन्याची उधारी गेली, म्हणजे १,८०,००० रुपये आपल्याला स्वतःचे फिरवावे लागणार. वर साधारण ६०,००० चा पत्रा कायम स्टॉकमध्ये पडून. झाले २,४०,०००. तुमच्या कॅश क्रेडिटवर महिना १ टक्का व्याज असेल तर २,४०० रुपये. फरक उरला ३१,८२८.

आकडा छोटा दिसतोय, पण नवीन कारखान्यात व्याजापेक्षा मोठा प्रश्न हा असतो की २,४०,००० आहेत का. लिमिट आधीच भरलेली असेल तर वाचणारे एकतीस हजार कागदावर राहतात आणि पगाराच्या तारखेला धावपळ होते. त्यामुळे ही ओळ व्याजासाठी नाही तरी कॅशसाठी लिहाच.

पाचवी पायरी: हे तास दुसरीकडे विकता येतात का

रिकामं मशीन म्हणजे फुकट मशीन, हे तेव्हाच खरं जेव्हा त्या तासांना दुसरं गिऱ्हाईक नाही. असेल तर ते काम सोडून आपण जे गमावतो तोही या निर्णयाचाच खर्च, आणि तो कुठल्याच वहीत येत नाही म्हणून विसरला जातो.

समजा एकजण ड्रिलिंगचं जॉबवर्क देतोय, माल त्याचा, तासाला ४०० रुपये. त्यातून वीज, बिट, ऑइल आणि ने-आण मिळून ९० जातात, राहिले ३१०. ऑपरेटर तोच, पगार तोच, म्हणून तो इथेही धरायचा नाही. आता ब्रॅकेटचे ३१,८२८ रुपये किती तासांत मिळतात? १५६३ नग गुणिले ४ मिनिटं, म्हणजे १०४ तास. तासाला सुमारे ३०५ रुपये. तुलना नेहमी अडलेल्या मशीनच्या तासावर करायची, नगावर नाही, नाहीतर ब्रॅकेट आणि जॉबवर्क एका तराजूत येतच नाहीत.

३०५ आणि ३१०. जवळजवळ सारखं. अशा वेळी पाच रुपयांवर निर्णय घेणारा माणूस स्वतःच्याच आकड्यांवर जरा जास्तच विश्वास ठेवतोय, कारण आपला ७० तासांचा आकडाच वहीतून आलाय. इथे बाकीच्या गोष्टी बोलतात. जॉबवर्कला जिग लागत नाही, वेल्डर लागत नाही, पत्र्यात पैसा अडकत नाही. पण ते दोन महिन्यांचं असेल आणि नंतर बंद होणार असेल, तर ते आत्ता करा आणि ब्रॅकेट नंतर सुरू करा. सप्लायर वारंवार उशीर करत असेल आणि त्यामुळे असेंब्ली थांबत असेल तर मी ब्रॅकेटच्या बाजूने जाईन. जॉबवर्क तासाला ५०० देत असतं तर मात्र मी ब्रॅकेटचा विचारच सोडून दिला असता, कारण मग तासाला ४१० उरतात आणि ब्रॅकेट बनवून आपण रोज तोटा "बनवला" असता, नफा दिसत असतानासुद्धा.

आपल्या उदाहरणात जॉबवर्क आलेलं नाही असं धरून पुढे जाऊ.

सहावी पायरी: वर्षाचं चित्र आणि एकदाच लागणारा पैसा

ड्रिलिंग जिग आणि प्रेसची डाय मिळून ६०,००० रुपये. महिन्याचा फरक ३१,८२८, म्हणजे दोन महिन्यांच्या आत वसूल, असं वाटतं. पण तुमचा धंदा बाराही महिने सारखा चालतो का? ब्लोअरची मागणी वर्षातले तीन महिने इतकी वाढते की ड्रिलिंग पूर्ण भरतं. त्या तीन महिन्यांत रिकामे तास शून्य, ब्रॅकेट शून्य, सगळे २००० किंवा जास्तच बाहेरून. म्हणजे बचत नऊ महिन्यांची, २,८६,४५२. आणि अर्धवेळ वेल्डर तीन महिने सोडला तर परत मिळेल का? नाही मिळणार, म्हणून त्याला ठेवायचा, ३६,००० गेले. राहिले साधारण २,५०,०००, आणि पहिल्या वर्षी जिग-डाय वजा करून १,९०,०००.

अजूनही चांगलंच आहे. पण यात एक अट लपलेली आहे: नऊ महिने ५०० घेतलेला सप्लायर ऐन सीझनमध्ये २००० द्यायला तयार आहे आणि तेही परवडणाऱ्या रेटने. त्याच्या जागी तुम्ही असता तर दिला असता का? मी असतो तर आधी माझ्या बारमाही गिऱ्हाइकांना दिला असता. म्हणून निर्णयाआधी त्याच्याशी सीझनची संख्या आणि रेट बोलून, लिहून घ्या. सीझनमध्ये त्याने ७८ ऐवजी ९० लावले तर तीन महिन्यांच्या ६००० नगांवर १२ रुपये जास्त, म्हणजे ७२,००० गेले, पहिल्या वर्षाचे १,९०,००० लगेच १,१८,००० होतात. सगळ्या हिशोबात मला सगळ्यात जास्त भीती याच आकड्याची वाटते, आणि तो कॉस्ट शीटमध्ये कुठेच नसतो.

सातवी पायरी: कुठे उलटतं ते शोधून ठेवा

एकच उत्तर काढून थांबू नका, कोणता आकडा किती हलला तर उत्तर बदलेल ते काढा. दोन आकडे पुरेत.

पहिला सप्लायरचा रेट. १५०० बनवायच्या पर्यायाचा महिन्याचा खर्च व्याजासकट १,२८,१७२. २००० ने भागला तर ६४ रुपये. म्हणजे सप्लायर दारात ६४ ला, अर्थात भाडं सोडून ६२ ला आला तरच आपण सगळे त्याच्याकडून घेण्यात बरोबरीला येतो. हा आकडा खिशात ठेवून त्याच्याशी बोलायला जा. तुम्ही स्वतः बनवणार हे कळल्यावर तो ७८ चे ७० करेल आणि तुम्हाला वाटेल वा, आठ रुपये सुटले. पण तुम्हाला माहीत असेल की ७० लाही स्वतः बनवणंच स्वस्त आहे. तरी ७० घेऊन गप्प बसायचं असेल, कारण डोक्याला ताप नको, तर तेही करा, पण त्या शांततेला महिन्याला जवळजवळ १६,००० मोजताय हे कळून करा (७२ गुणिले २०००, वजा १,२८,१७२).

दुसरा रिजेक्शन. ४ टक्क्यांचे १० टक्के झाले तर? १५०० चांगल्या नगांना १६६७ बनवावे लागतील. पैशात बघितलं तर १०४ नग जास्त, नगाला ४४ रुपये, म्हणजे साडेचार हजार, सोसण्यासारखं. पण तासांत बघा: १६६७ × ४ मिनिटं म्हणजे १११ तास, आणि आपल्याकडे १०७ च आहेत. म्हणजे रिजेक्शन पैशाआधी तास खातं, आणि तास संपले की नग कमी पडतात, आणि नग कमी पडले की ब्लोअर थांबतात. नवीन पार्टला पहिल्या महिन्यात रिजेक्शन जास्त असणारच, जिग बसेपर्यंत भोकं सरकतात, वेल्डिंगने पट्टी वाकते. म्हणून पहिले दोन महिने १५०० नाही, १००० च बनवा आणि १००० घ्या. १००० नगांवर वेल्डरचे १२,००० नगामागे १२ रुपये पडतील, म्हणजे बचत कमी दिसेल, तेवढी फी समजा.

हा हिशोब कुठे लावायचा नाही

हे सगळं चालतं ते साधारण वर्षभराच्या निर्णयाला आणि क्षमता आधीच हाताशी असताना. नवीन ड्रिलिंग मशीन घेऊन ब्रॅकेट बनवायचे असतील तर त्या मशीनची किंमत अजून गेलेली नाही, ती या निर्णयामुळेच जाणार, म्हणून ती पूर्ण धरायची, आणि मग दोन महिन्यांत वसूलची गोष्ट वर्षांवर जाते.

तसंच उलट, मशीन दोन-तीन वर्षं असंच अर्धं रिकामं राहणार असेल तर "भाडं बदलत नाही" हेही खरं राहत नाही. तेवढ्या काळात शेडचा अर्धा भाग सोडता येतो, जास्तीचं मशीन विकता येतं. बाहेरून घ्यायचं ठरवल्यावर तुम्ही ते मशीन खरंच विकणार असाल, तर त्याची आज मिळणारी किंमत बनवण्याच्या बाजूला खर्च म्हणून धरा. वहीतली किंमत नाही, बाजारात गिऱ्हाईक देईल ती.

आणि ५५ रुपये हा आकडा विक्रीची किंमत ठरवायला अजिबात वापरू नका. सेल्सवाल्याच्या कानावर तो गेला की तो म्हणतो ब्रॅकेट तर ५५ ला पडतो, आपण सुटा ६५ ला विकू. रिकाम्या तासांपुरता तो बरोबरही वाटतो, पण ऑर्डर वाढली, तास भरले, दुसरा ऑपरेटर आला, तिसरी शिफ्ट आली की ५५ चे ८० कधी झाले ते कळत नाही, आणि गिऱ्हाइकाला ६५ ची सवय लागलेली असते. भाडं आणि पगार शेवटी कुठल्या ना कुठल्या मालातून निघायलाच हवा, कायमचा रेट ठरवताना ती ९५ वाली शीटच जवळ ठेवा.

सुरू केल्यावर तीन महिन्यांनी परत त्याच वहीवर या. वेल्डरला दिलेले पैसे, पत्र्याची बिलं, भंगाराची पावती, ड्रिलिंगचे तास आणि चांगले नग, एवढेच पाच आकडे वरच्या हिशोबाशेजारी लिहा. वीज वेगळी मोजायची खटपट करू नका, मीटर एकच असेल तर ती कळत नाही. सगळ्यात आधी ड्रिलिंगच्या तासांकडे बघा, तिथे १०४ च्या जागी १२५ दिसले तर एकतर ४ मिनिटांचा आकडा चुकलाय नाहीतर सेटिंग १५ टक्क्यांत मावत नाहीये, आणि दोन्ही वेळी सप्लायरकडची ५०० ची ऑर्डर पुढच्या महिन्यासाठी आधी वाढवा, कारण शोधत बसायला वेळ असतो, असेंब्लीला नसतो.